तोल नेमका कुठे साधला जातो? न्यायालय अवमानावरच्या एका निबंधाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

उमेदवार विधी पदवीधर आहे. तालुक्याच्या न्यायालयात दोन वर्षं वकिली करून दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या मुख्य परीक्षेची तयारी करत होती. सराव चाचणीत निबंधाचा प्रश्न आला तो असा: ‘न्यायाधीशांवरील रास्त टीका आणि न्यायसंस्थेची प्रतिष्ठा यांचा तोल न्यायालय अवमानाच्या कायद्यात साधला गेला आहे काय? चर्चा करा.’ गुण 20, शब्दमर्यादा 600, वेळ 45 मिनिटं.

कायदा तिला येत होता. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 तिने दोनदा वाचला होता आणि निकालांची टिपणं काढलेली होती. उत्तर साधारण 600 शब्दांचं झालं, अक्षर स्वच्छ, कलमांचे आकडे बरोबर. गुण मिळाले 7.

तपासणाऱ्या मॅडम विधी महाविद्यालयात बरीच वर्षं घटनात्मक कायदा शिकवलेल्या. त्यांची तपासण्याची पद्धत साधी आहे. प्रत्येक वाक्याच्या समोर समासात त्या एक अक्षर लिहितात. वाक्यात कायदा सांगितला असेल तर ‘का’, निकाल सांगितला असेल तर ‘नि’ आणि प्रश्नाचं उत्तर असेल तर ‘उ’. या उत्तराच्या समासात पहिली 310 शब्दं ‘का’, पुढची पावणेतीनशे ‘नि’, आणि ‘उ’ फक्त शेवटच्या दोन वाक्यांसमोर. ती दोन वाक्यं अशी होती: ‘अशा प्रकारे अभिव्यक्ती स्वातंत्र्य आणि न्यायालयाची प्रतिष्ठा ही लोकशाहीची दोन चाके आहेत. दोहोंमध्ये सुवर्णमध्य साधणे ही काळाची गरज आहे.’

प्रश्न होता तोल साधला गेला आहे का. उत्तर होतं तोल साधायला हवा. यात प्रश्नाला हो किंवा नाही म्हटलेलंच नाही, म्हणून 7.

अडचण

सुरुवातीला तिचा समज असा झाला की शेवट नीट केला की काम भागेल. पण उत्तर नीट उकलल्यावर दिसलं की शेवट कच्चा राहिला कारण मधला भाग चुकीच्या पायावर उभा होता. तीन ठिकाणी पाय घसरला होता आणि तिन्ही चुका या विषयावरच्या उत्तरांमध्ये वारंवार दिसतात.

पहिली चूक कलम 5 ची. उत्तरात वाक्य होतं: ‘कलम 5 नुसार न्यायाधीशांवर केलेली रास्त टीका हा अवमान ठरत नाही.’ ‘न्यायाधीशांवर’ या शब्दाखाली लाल रेघ होती. चर्चेला बसल्यावर मॅडमनी अधिनियमाची प्रत तिच्यासमोर सरकवली.

“कलम 5 वाच. टीका कशावर?”

“न्यायाधीशांवर, मॅडम.”

“वाच ना आधी.”

तिने वाचलं. कलमाचा आशय असा आहे की ज्या प्रकरणाची सुनावणी होऊन अंतिम निकाल लागलेला आहे, त्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त भाष्य प्रसिद्ध करणारी व्यक्ती अवमानाची दोषी ठरत नाही. न्यायाधीश हा शब्दच कलमात नाही. संरक्षण आहे ते निकालावरच्या भाष्याला, तेही निकाल अंतिम झाल्यावर.

हा फरक किती मोठा आहे हे तीन वाक्यं शेजारी ठेवली की कळतं. ‘या निकालात न्यायालयाने साक्षीपुराव्याचा चुकीचा अर्थ लावला आणि निर्दोष माणसाला शिक्षा झाली’ हे वाक्य कितीही कडक असलं तरी कलम 5 च्या छत्रीखाली येतं. ‘न्यायालयांना एवढ्या लांब सुट्ट्या असतात आणि खटले वर्षानुवर्षं पडून राहतात’ हे वाक्य कोणत्याच एका प्रकरणाच्या गुणदोषांवर नाही, म्हणून कलम 5 त्याला लागत नाही. तरी तो अवमान नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(क) मधलं स्वातंत्र्य त्याच्या पाठीशी आहे, आणि एरवी उपलब्ध असलेले बचाव या कायद्याने जात नाहीत असं कलम 8 स्पष्ट सांगतं. ‘या न्यायाधीशाने पैसे घेऊन निकाल फिरवला’ हे तिसरं वाक्य. इथे कलम 5 संपतं. हा आरोप निकालावर नसून निकाल देणाऱ्याच्या हेतूवर आहे. प्रश्नात ज्या टीकेबद्दल विचारलं होतं ती बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची असते. उमेदवाराने पहिल्या प्रकारचं कलम दाखवून तिन्ही प्रकारांना संरक्षण आहे असं गृहीत धरलं होतं.

दुसरी चूक सत्याच्या बचावाची. उत्तरात लिहिलं होतं की 2006 च्या दुरुस्तीने ‘सत्य हा पूर्ण बचाव झाला’. तसं झालेलं नाही. कलम 13 च्या खंड (ख) नुसार सत्य हा बचाव मांडण्याची परवानगी न्यायालय देऊ शकतं, आणि तो बचाव लोकहितासाठी व सद्भावनेने मांडला आहे याची न्यायालयाची खात्री पटावी लागते. म्हणजे खरं बोललो एवढं पुरत नाही, ते का बोललो हेही पाहिलं जातं. ‘पूर्ण’ या एका शब्दाने वाक्य खोटं ठरलं होतं.

तिसरी चूक निकालांच्या वापराची. ई. एम. एस. नंबुद्रिपाद, पी. एन. डुडा, अरुंधती रॉय, प्रशांत भूषण अशी चार नावं एकाखाली एक होती, प्रत्येकाला दोन ओळी. नंबुद्रिपाद प्रकरण 1971 च्या कायद्याखाली घातलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल 1970 चा आहे, तेव्हा हा कायदा अस्तित्वातच नव्हता. शिवाय ‘न्याय हा मठात कोंडून ठेवण्याचा सद्गुण नव्हे’ या आशयाचं लॉर्ड ॲटकिन यांचं प्रसिद्ध वाक्य भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नावावर टाकलं होतं. ते 1936 साली त्रिनिदादच्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने म्हटलेलं आहे. त्या प्रकरणात वर्तमानपत्राने दोन खटल्यांतल्या शिक्षांच्या तफावतीवर लिहिलं होतं, म्हणजे टीका निकालावरच होती. न्यायाधीशाच्या हेतूवर आरोप करणाऱ्या माणसाला हे वाक्य तितकंसं वाचवत नाही. जवळजवळ प्रत्येक उत्तरात ते येतं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीच्या जागी येतं.

या तिन्ही चुकांच्या मुळाशी एक कल्पना होती. उमेदवार तोल या शब्दाकडे तराजूसारखी पाहत होती. एका पारड्यात स्वातंत्र्य, दुसऱ्यात प्रतिष्ठा, आणि काटा मध्ये आणायचा. पण कायदा वाचताना विचारायचं असतं ते वेगळं: काटा कोणत्या टप्प्यावर पाहिला जातो? दोषी ठरवताना, की शिक्षा देताना? हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता.

समोर असलेले पर्याय

फेरलेखनासाठी तिच्यासमोर तीन भूमिका होत्या. निबंधात कोणतीही भूमिका चालते, पण ती प्रतिप्रश्नासमोर टिकायला हवी.

पहिली भूमिका अशी की कायदा आहे तसा योग्य आहे. तिच्या बाजूने एक खरा आणि मोलाचा मुद्दा आहे. 1953 च्या ब्रह्मप्रकाश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशाची वैयक्तिक बदनामी आणि न्यायालयाचा अवमान या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. न्यायाधीशाची अब्रू गेली तर त्याने इतर कोणाही नागरिकासारखा अब्रुनुकसानीचा मार्ग धरावा. अवमानाचा अधिकार त्याच्यासाठी नाही, तो न्यायदानावरचा लोकांचा विश्वास राखण्यासाठी आहे. प्रतिष्ठा म्हणजे कोणाची प्रतिष्ठा, या प्रश्नाचं हे उत्तर आहे आणि कोणत्याही भूमिकेच्या उत्तरात ते यायला हवं. पण केवळ यावर उभं राहिलेलं उत्तर एका ठिकाणी अडतं: विश्वासाला खरोखर धक्का बसला की नाही, हे कायदा कुठे तपासतो?

दुसरी भूमिका अशी की न्यायालयाची बदनामी हा प्रकारच रद्द करावा. इंग्लंडने 2013 च्या कायद्याने तो रद्द केला, मग आपण का नको? ही भूमिका तिला सगळ्यांत जास्त आवडली होती, कारण ती धीट वाटते. मॅडमनी विचारलं, “कलम 2(ग) मधलं बदनामीचं पहिलं उपकलम उद्या संसदेने काढून टाकलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार संपेल का?” ती गप्प राहिली. संपणार नाही. अनुच्छेद 129 सर्वोच्च न्यायालयाला आणि अनुच्छेद 215 उच्च न्यायालयांना अभिलेख न्यायालय म्हणून स्वतःच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार देतात. तो अधिकार अधिनियमातून आलेला नाही. भारताच्या विधी आयोगाने 2018 च्या 274 व्या अहवालात व्याख्येला हात न लावण्याची शिफारस केली त्यामागे हे एक कारण होतं. रद्द करण्याची भूमिका घ्यायची तर घटनादुरुस्तीबद्दल बोलावं लागेल आणि ते 600 शब्दांत पेलणार नाही. शिवाय इंग्लंडने हा प्रकार रद्द केला तेव्हा तो तिथे कित्येक दशकं वापरात नव्हता. आपल्याकडे तो वापरात आहे. मेलेला कायदा पुस्तकातून काढणं आणि चालता कायदा थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी भूमिका शेवटी निवडली गेली: तोल कायद्यात आहे, पण तो उशिरा साधला जातो. हिचा आधार कलमांच्या शब्दांतच आहे. कलम 2(ग) मध्ये फौजदारी अवमानाची व्याख्या आहे. न्यायालयाची बदनामी करणारं किंवा ‘करण्याकडे कल असणारं’, अधिकार कमी करणारं किंवा ‘कमी करण्याकडे कल असणारं’ प्रकाशन या व्याख्येत बसतं. उंबरठा फार खाली आहे. कल दाखवणं कधीही सोपं असतं. आता कलम 13 चा खंड (क) पाहा. न्यायाच्या कामात ‘भरीव’ अडथळा येत असल्याची किंवा तसा भरीव कल असल्याची खात्री पटल्याशिवाय न्यायालय शिक्षा देणार नाही, असं तिथे म्हटलं आहे. इथे उंबरठा उंच आहे. मात्र तो ‘शिक्षा’ या शब्दाला जोडलेला आहे, ‘दोष’ या शब्दाला नाही. म्हणजे माणूस अवमानाचा दोषी ठरू शकतो आणि तरी शिक्षेला पात्र नसू शकतो.

एक छोटा निर्णय याच टप्प्यावर घ्यावा लागला. तिला सुरुवातीचं उदाहरण म्हणून गांधीजींचं 1920 चं मुंबई उच्च न्यायालयातलं प्रकरण घ्यायचं होतं. ‘यंग इंडिया’त त्यांनी अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांचं पत्र टीकेसह छापलं, माफी मागायला नकार दिला, आणि न्यायालयाने कडक समज देऊन प्रकरण मिटवलं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे उदाहरण जवळचं वाटतं आणि त्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. पण ज्या वकिलांनी सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या, त्यांच्याविरुद्धच्या प्रलंबित कामाशी ते पत्र निगडित होतं. अवमान होता तो प्रलंबित कामात ढवळाढवळ करण्याचा, न्यायालयाच्या बदनामीचा नव्हे. आजच्या भाषेत ते कलम 2(ग) चं दुसरं उपकलम. प्रश्न पहिल्या उपकलमाचा होता. उदाहरण सोडून दिलं, आणि ते सोडणं बरोबर होतं.

काय केलं

आधी वेळेचा हिशेब बदलला. पहिल्या वेळी तिने 3 मिनिटांत विचार करून लिहायला घेतलं होतं. आता 8 मिनिटं फक्त आखणीला ठेवली: प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात, दोन निकाल, एक आक्षेप, एक सुधारणा. लिहायला 32 मिनिटं, तपासायला 5. शब्दही आधीच वाटून घेतले. भूमिकेला 70, कायद्याच्या मांडणीला 130, दोन निकालांच्या तुलनेला 200, शिक्षेच्या मुद्द्याला 120, सुधारणेला 80. दिवाणी अवमानाला एकही शब्द नाही. न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून मोडणं हा दिवाणी अवमान, आणि त्याचा टीकेशी संबंध नाही. पहिल्या उत्तरात त्यावर 90 शब्द गेले होते.

नवी सुरुवात अशी झाली: ‘1971 चा अधिनियम रास्त टीका आणि न्यायसंस्थेची प्रतिष्ठा यांत तोल साधतो, पण तो शिक्षेच्या टप्प्यावर. दोष ठरवण्याच्या टप्प्यावर त्याचे पारडे प्रतिष्ठेकडे झुकलेले आहे. हा निबंध तो काटा अलीकडे का आणावा हे दाखवतो.’ यात सजावट नाही. तपासणाऱ्याला तिसऱ्या ओळीपर्यंत उत्तर मिळालेलं आहे.

खरा बदल निकालांच्या परिच्छेदात झाला. चार नावांच्या यादीऐवजी दोन निकाल समोरासमोर ठेवले, कारण त्यांतला आरोप जवळजवळ एकच होता आणि निष्कर्ष उलटे. केरळचे मुख्यमंत्री असताना नंबुद्रिपाद 1967 च्या पत्रकार परिषदेत म्हणाले होते की न्यायाधीशांवर वर्गहित आणि वर्गीय पूर्वग्रह यांचा पगडा असतो. एकीकडे चांगल्या कपड्यांतला सुटलेल्या पोटाचा श्रीमंत आणि दुसरीकडे फाटका, निरक्षर गरीब असेल आणि पुरावा सारखाच असेल, तर न्यायाधीशाचा कौल नकळत श्रीमंताकडे जातो, असं ते बोलले. उच्च न्यायालयाने त्यांना 1000 रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि दंड 50 रुपयांवर आणला. पुढे 1987 मध्ये केंद्रीय मंत्री पी. शिवशंकर यांनी हैदराबादला वकिलांसमोर भाषण केलं. सर्वोच्च न्यायालयात बसणारे उच्चभ्रू वर्गातले असून त्यांची सहानुभूती धनिकांकडे आहे, हा त्याचा रोख होता, आणि भाषा नंबुद्रिपादांपेक्षा सौम्य नव्हती. त्याविरुद्ध पी. एन. डुडा यांनी याचिका केली, आणि 1988 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अवमान नाही असं ठरवलं.

या दोन निकालांत कायद्याच्या शब्दांपेक्षा न्यायालयाच्या पाहण्यात जास्त फरक आहे. पहिल्या वेळी पाहिलं गेलं ते शब्दांकडे: सगळ्या न्यायाधीशांवर सरसकट पक्षपाताचा ठपका ठेवला तर लोकांच्या मनातला न्यायालयाचा अधिकार कमी होतो. दुसऱ्या वेळी पाहिलं गेलं ते परिणामाकडे: हे भाषण कुणापुढे झालं, कशाबद्दल झालं, आणि त्यामुळे न्यायदानाच्या कामाला खरोखर बाधा येते का. शब्द जवळपास तेच आणि कसोटी वेगळी, म्हणून निकाल वेगळा. तुलनेचे 200 शब्द या एका मुद्द्यासाठी खर्च केले, आणि उत्तराचा हाच भाग सगळ्यांत भक्कम झाला.

त्यानंतर शिक्षेचा परिच्छेद. नंबुद्रिपाद यांना 50 रुपये दंड. 2002 मध्ये अरुंधती रॉय यांना एक दिवसाची कैद आणि 2000 रुपये दंड. 31 ऑगस्ट 2020 रोजी प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटबद्दल 1 रुपया दंड, आणि तो 15 सप्टेंबरपर्यंत न भरल्यास तीन महिने कैद व तीन वर्षं सर्वोच्च न्यायालयात वकिलीला बंदी. अधिनियमाच्या कलम 12 मध्ये कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा 2000 रुपये दंड किंवा दोन्ही आहे. हे आकडे शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहतो. न्यायाच्या कामात भरीव अडथळा आला होता, तर 1 रुपया का? आणि आला नव्हता, तर दोषी का? उमेदवाराने हा प्रश्न उत्तरात तसाच विचारला आणि पुढच्या ओळीत आपला निष्कर्ष दिला: प्रतीकात्मक शिक्षा हा तोलच आहे, पण तोपर्यंत नोटीस, उलटतपासणीसारखी चौकशी, माफी मागण्याचा दबाव आणि दोषी हा शिक्का, एवढं सगळं टीकाकाराच्या वाट्याला येऊन गेलेलं असतं. बोलण्याआधी माणूस दंडाच्या रकमेचा विचार करत नाही, नोटिशीचा करतो.

इथे तिने एक जपून लिहिलेलं वाक्य घातलं आणि ते महत्त्वाचं होतं. कलम 13 ची मर्यादा ‘या अधिनियमाखालील’ शिक्षेला आहे, तर सर्वोच्च व उच्च न्यायालयांचा अधिकार थेट घटनेतून येतो. म्हणून ही मर्यादा न्यायालयांना पूर्णपणे बांधते असा दावा करू नये. ती न्यायालयांनी पाळण्याची कसोटी म्हणून मांडावी. हे वाक्य नसतं तर परीक्षकाने पहिला आक्षेप इथेच घेतला असता.

सुधारणेच्या 80 शब्दांत दोनच गोष्टी आल्या. बदनामीच्या प्रकरणात ‘भरीव अडथळा’ ही कसोटी नोटीस काढण्याआधीच लावावी. आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दोषी ठरवलेल्या माणसाला अपिलाची सोय असावी. कलम 19 चं अपील उच्च न्यायालयाच्या आदेशावर मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावर मात्र अपील नाही, त्याच न्यायालयाकडे पुनर्विलोकनासारखे मार्ग उरतात. ज्या संस्थेवर टीका झाली तीच संस्था निवाडा करते, तेव्हा दुसऱ्या डोळ्यांनी पाहण्याची गरज जास्त असते.

निकाल

फेरलिहिलेलं उत्तर वेगळ्या परीक्षकाला दिलं, त्यांना पहिलं उत्तर दाखवलं नाही. गुण 13. समासात ‘उ’ आता सहा ठिकाणी होता. गेलेल्या 7 गुणांपैकी काही शब्दमर्यादा 60 ने ओलांडल्याबद्दल गेले. निकालांची तुलना 200 ऐवजी 260 शब्दांची झाली होती. बाकीचे एका नेमक्या उणिवेसाठी: ‘भरीव’ हा शब्दही मोघम आहे, न्यायाधीश त्यातही हवं ते वाचू शकतो, या उघड आक्षेपाला उत्तराने हातच घातला नव्हता. आखणीत ‘एक आक्षेप’ लिहिलेला होता, पण लिहिताना तो सुटला. ‘उलटतपासणीसारखी चौकशी’ या शब्दांसमोरही प्रश्नचिन्ह होतं. भूषण प्रकरणात प्रतिज्ञापत्र आणि युक्तिवाद झाले, उलटतपासणी नाही. जोर आणण्यासाठी घातलेला शब्द वस्तुस्थितीला धरून नव्हता.

तीन आठवड्यांनी पुढच्या चाचणीत प्रश्न आला: ‘चालू खटल्यावर समाजमाध्यमांतून होणारी टीका आणि न्यायालयाचा अवमान.’ तिने तीच भूमिका, तेच दोन निकाल, तीच शिक्षेची रांग लिहिली. गुण 9. प्रश्न चालू खटल्याचा होता. तिथे कलम 5 लागूच होत नाही, कारण निकाल लागलेला नसतो. मुद्दा असतो कलम 2(ग) च्या दुसऱ्या उपकलमाचा: आरोपीला निःपक्ष सुनावणी मिळेल का, साक्षीदारावर दबाव येईल का. बचाव शोधायचा तो कलम 3 मध्ये, म्हणजे खटला प्रलंबित आहे हे प्रकाशकाला माहीत नव्हतं का आणि तो प्रलंबित आहे असं मानायला वाजवी कारणही नव्हतं का, आणि कलम 4 मध्ये, म्हणजे कामकाजाचं वार्तांकन रास्त व अचूक होतं का. गांधीजींचं जे उदाहरण पहिल्या वेळी बरोबर सोडलं होतं, ते इथे चपखल बसलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

सराव एकाच प्रश्नाभोवती झाला ही सगळ्यांत मोठी त्रुटी. एका उत्तराला महिनाभर घासण्यापेक्षा सुरुवातीलाच तीन प्रश्न शेजारी ठेवायला हवे होते: लागलेल्या निकालावरची टीका, चालू खटल्यावरची टीका, आणि न्यायाधीशाच्या वर्तनावरचा आरोप. प्रत्येकासाठी कलम 2(ग) चं कोणतं उपकलम आणि कोणता बचाव, एवढं एका ओळीत लिहून काढलं असतं, तर दुसऱ्या चाचणीतले गुण गेले नसते. वर्तनावरच्या आरोपाला कलम 6 जोडावं लागतं. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे केलेली तक्रार अवमान ठरत नाही, हे त्यात आहे. दिवाणी न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या उमेदवाराच्या उत्तरात हे कलम दोन्ही वेळा आलं नाही, याचं वाईट वाटतं. उद्या हीच तक्रार तिच्याविरुद्ध येऊ शकते आणि कायदा तक्रारदाराला संरक्षण देतो.

अधिनियम आधी वाचून मग निकाल वाचायला हवे होते. तिने टिपणं निकालांवरून काढली होती, म्हणून कलम 5 तिच्या डोक्यात निकालांतल्या सर्वसाधारण विधानांच्या रूपात बसलं होतं, त्याच्या स्वतःच्या शब्दांत नाही. कलम 2, 3, 4, 5, 6, 12, 13, 15 आणि 19 मिळून छापील तीन-चार पानं होतात. ती पानं शब्दाला शब्द लावून वाचायला एक संध्याकाळ लागते.

‘भरीव’ मोघम आहे या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी डुडा निकाल हाताशी होताच. कुणापुढे बोललं, कशाबद्दल बोललं आणि परिणाम काय झाला, या तीन गोष्टी तपासूनच न्यायालयाने तिथे कसोटी लावली होती. तुलनेतले जास्तीचे 60 शब्द काढून तिथल्याच दोन ओळी शेवटच्या परिच्छेदात आणल्या असत्या, तर शब्दमर्यादा पाळली गेली असती आणि आक्षेपाचं उत्तरही झालं असतं.